पेटी की खोका

आमच्या वाडीत दुपारी एक ते तीन सगळं सामसूम असतं. जेवणं उरकलेली असतात, बागेतल्या पंपाची मोटर बंद असते, सकाळी 'बांगडे, सौंदाळे' असं ओरडत फिरणारी बाई केव्हाच घरी गेलेली असते. जाहिरातींसाठी माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग मी करते ते याच वेळेत. जागा म्हणजे घराची मागची खोली. सासऱ्यांच्या काळात तिथं आंबे पिकवायला गवताची आढी घालायचे. आता चार बाजूंनी गोधड्या टांगलेल्या आहेत आणि मधे माइक आहे. चिऱ्याच्या भिंती बाहेरचा आवाज अडवतात, पण आतला आवाज घुमवतात, म्हणून गोधड्या. पंखा अर्थातच बंद. मार्च महिन्यात त्या खोलीत अर्धा तास उभं राहून कोणी 'समुद्राच्या गार वाऱ्यात' असं हसऱ्या आवाजात म्हणून दाखवावं.

शेजारच्या काकींना माझं काम अजून पटलेलं नाही. एकदा त्यांनी मागच्या दारातून डोकावून विचारलंच, "कित्याक गो ताच ताच म्हणतंस?" तेच तेच मी म्हणत नव्हते, पण फरक एका शब्दाचा होता आणि तो त्यांना ऐकू जाण्याइतका मोठा नव्हता. त्या एका शब्दाबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या आंब्याच्या हंगामातली गोष्ट. आमच्याच तालुक्यातल्या एका आंबा व्यापाऱ्यानं पंचेचाळीस सेकंदांची फिल्म करून घेतली. चित्रीकरण झालेलं, मुंबईतला एडिटर चित्रं जुळवून बसलेला, फक्त आवाज बाकी. गुढीपाडव्याच्या सकाळी ती लोकांच्या फोनवर पोचायची होती. माझ्याकडे आलेल्या संहितेत मधोमध हे वाक्य होतं: 'देवगडच्या कातळावर वाढलेला, नैसर्गिकरीत्या पिकवलेला अस्सल हापूस, पाच डझनांच्या पेटीत, गुढीपाडव्यापासून तुमच्या दारी.'

कागदावर वाक्य बरं दिसतं. मी मात्र संहिता हातात आली की आधी पेन्सिल घेते आणि डुगडुगणारे शब्द शोधते. होडीत पाय ठेवताना कोणती फळी हलते ते आधी बघतात, तसं. कुठला शब्द हलणार हे ओळखायला भविष्य यावं लागत नाही. ज्या शब्दामागे क्लायंटकडच्या दुसऱ्या कुणाचा तरी निर्णय उभा असतो, तो शब्द हलतो. किंमत ठरवणारा वेगळा, माल पाठवणारा वेगळा, कायदा बघणारा वेगळा. संहिता लिहिणाऱ्यानं यातल्या कुणालाच विचारलेलं नसतं, आणि ते सगळे जण फिल्म पहिल्यांदा बघतात ती शेवटच्या दिवशी.

या वाक्यात मला अशा पाच जागा दिसल्या. 'देवगड' पहिली. व्यापाऱ्याच्या काही बागा वाघोटनच्या खाडीपलीकडे, म्हणजे राजापूर तालुक्यात आहेत हे मला माहीत होतं. हापूसला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी, तेव्हा खाडीपलीकडचा आंबाही हापूसच. पण त्याला देवगडचा म्हणता येत नाही. कुणीतरी हे बोलून दाखवणार आणि 'देवगड'चं 'कोकण' होणार. 'नैसर्गिकरीत्या' आणि 'अस्सल' ही दुसरी जागा. अन्नपदार्थांच्या जाहिरातींसाठी 2018चे केंद्रीय नियम आहेत आणि नैसर्गिक, ताजं, शुद्ध, अस्सल अशा शब्दांना त्यांत अटी घातलेल्या आहेत. कार्बाइडनं आंबा पिकवायला बंदी आहेच, पण इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो. मग वायूच्या खोलीत पिकलेला आंबा 'नैसर्गिक' की कसा, यावर वाद घालत बसण्यापेक्षा वकील तो शब्दच काढायला लावतो. तिसरी जागा 'पाच डझन', कारण पेटीत किती आंबे हे फळाच्या आकारावर ठरतं आणि फळाचा आकार त्या वर्षीच्या हवामानावर. चौथी 'गुढीपाडवा', कारण आंबा उशिरा झाला तर तारीख गेलीच. आणि पाचवी 'तुमच्या', कारण कुणीतरी वडीलधारं माणूस शेवटी म्हणणारच, 'आपल्या' म्हटलेलं बरं दिसतं.

आता हिशेब करा. पाच जागा, प्रत्येक ठिकाणी फक्त दोन पर्याय धरले तरी या एका वाक्याची बत्तीस रूपं होतात. बत्तीस वेळा ते वाक्य त्याच सुरात म्हणायचं तर पंचविसाव्या वेळेपर्यंत आवाजातलं हसू वाळून जातं. सुरुवातीच्या काळात मी हे खरंच करून पाहिलं आहे. संध्याकाळी बोलायला आवाज उरला नाही आणि दुसऱ्या दिवशी क्लायंटनं नेमका तेहेतिसावा पर्याय मागितला.

मग एक उपाय वाटायला लागतो की, शब्दच वेगळे रेकॉर्ड करून ठेवावेत. 'पाच'च्या जागी 'चार' चिकटवलं की झालं. स्टेशनवरची घोषणा ऐकली असेल ना, गाडी क्रमांक, मग एकेक आकडा, मग गावाचं नाव, प्रत्येक तुकडा वेगळ्या चिमटीनं उचलून ठेवल्यासारखा. कणकवलीच्या फलाटावर ते चालतं, कारण तिथं आपल्याला फक्त माहिती हवी असते. आंबा विकायला नाही चालत. 'पाच डझन' म्हणताना 'च' तिथल्या तिथं तुटतो आणि मग 'ड' लागतो; 'चार डझन' म्हणताना 'र' पुढच्या 'ड'मध्ये वाहत जातो. शिवाय वाक्यातला सगळा जोर त्या आकड्यावर असतो, म्हणजे सूर तिथं चढलेला असतो आणि पुढच्या शब्दावर तो उतरतो. सुटा म्हटलेला 'चार' त्या चढावर कधीच नीट बसत नाही. ऐकणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याच्या भुवया किंचित वर जातात. तेवढं पुरे असतं. म्हणून माझा नियम ठरला: बदल एका शब्दाचा असला तरी रेकॉर्ड व्हायचं ते पूर्ण वाक्य, आणि तेही आधीचं वाक्य म्हटल्यावर, त्याच ओघात.

पूर्ण वाक्यच म्हणायचं तर बत्तिसाचा प्रश्न परत येतो. त्याची सोडवणूक माइकसमोर नाही, कागदावर होते. एका वाक्यात एकच डुगडुगणारा शब्द राहील असं वाक्य फोडायचं. मी एडिटरला फोन केला आणि त्यानं क्लायंटला विचारून संहिता अशी करून घेतली: 'देवगडच्या कातळावर वाढलेला हापूस. गवताच्या आढीत पिकलेला. पाच डझनांची पेटी. गुढीपाडव्यापासून घरपोच. ती उघडली, की घरभर फक्त आंबा.' शेवटचं वाक्य मूळ संहितेतही होतं, थोडं लांब.

बघा काय झालं ते. 'तुमच्या' आणि 'आपल्या'चा वाद 'घरपोच' या शब्दानं संपवला. ती जागा हलायला उरलीच नाही. 'अस्सल' गेलं. 'नैसर्गिकरीत्या'च्या जागी जे खरोखर केलं जातं तेच सांगितलं, आणि आढीत पिकवतो हे व्यापाऱ्यानं छातीठोक सांगितल्यावरच. आढी शब्द मुंबईत कळेल का, अशी शंका त्यानं काढली, म्हणून 'गवतात पिकलेला' हा पर्याय ठेवला. उरल्या चार जागा, चार वेगळ्या वाक्यांत. देवगड किंवा कोकण. आढीत किंवा गवतात. पाच, चार किंवा दोन डझन. गुढीपाडव्यापासून, एप्रिलपासून, किंवा तारीखच नको म्हणून नुसतं 'थेट घरपोच'. म्हणजे दहा छोटी वाक्यं, आणि त्यांच्यातून मागाल ती जुळणी. दहा वाक्यं म्हणायला घाम येतो, पण आवाज टिकतो.

दोन वाक्यांच्या मधे मी मुद्दाम पूर्ण थांबते, श्वास सोडते, घेते आणि मग पुढे जाते. ही रिकामी जागाच एडिटरची कात्री फिरण्याची जागा. दोन वाक्यं एका श्वासात जोडून म्हटली की ऐकायला गोड वाटतं, पण मग त्यांतलं एक बदलायचं झालं की दुसरंही फेकावं लागतं.

शेवट कसा होतो, हेही आधीच ठरवावं लागतं. 'पाच डझनांची पेटी' हे म्हणताना पुढे अजून काही येणार असेल तर आपण नकळत 'पेटी'वर सूर टांगता ठेवतो. विषय संपला असेल तर तोच सूर खाली बसतो. समजा 'गुढीपाडव्यापासून घरपोच' हे वाक्य रद्दच झालं, तर टांगता सूर तसाच लोंबकळत राहतो आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. म्हणून जे वाक्य उडण्याची शक्यता आहे, त्याच्या आधीचं वाक्य मी दोन्ही प्रकारे म्हणते, एकदा टांगतं आणि एकदा बसतं. शब्द तेच. काकींना ऐकू येत होतं ते हेच असावं.

हे सगळं झालं की शेवटी सेफ्टी टेक. यात नवे शब्द नसतात. मंजूर झालेली संहिता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अभिनय अर्धा करून, मधल्या सुरात, एकसारख्या वेगानं. ऐकायला तो टेक जरा सपक असतो आणि तसाच असायला हवा. माझा आवडता टेक असतो त्यात एखाद्या शब्दावर लाडिक हेलकावा असतो, आणि नेमका त्या जागी चित्रात दुसरंच काही आलं की तो हेलकावा वेडगळ वाटतो. सपक टेकचा तुकडा कुठंही बसतो, पोह्यात खोबरं बसतं तसा. माइकची पातळीही मी या वेळी थोडी कमी ठेवते, म्हणजे आधीच्या टेकमध्ये कुठं आवाज फाटला असेल तर त्याला बदली मिळते. आणि सगळ्यात शेवटी अर्धा मिनिट काहीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करते. ही शांतता रिकामी नसते. तिच्यात कौलांची कुरकुर असते, लांबची गाज असते, माझ्या गोधड्यांनी गिळलेला घुम असतो. दोन तुकड्यांच्या मधे हीच शांतता भरावी लागते; तिथं एडिटरनं नुसतं शून्य ठेवलं तर आवाज विहिरीत पडल्यासारखा वाटतो.

फायलींना नावं मी अशी देते: `05_B_T2.wav`. पाचवं वाक्य, दुसरा पर्याय, दुसरा टेक. यादी वहीत पेन्सिलनं. रात्री दहा वाजता कुणाचा फोन आला तर संगणक उघडण्याआधी वहीत कळतं की हे आपल्याकडे आहे की नाही.

पर्यायांची ही पोतडी मी क्लायंटला मात्र दाखवत नाही. एडिटरला ठाऊक असते, क्लायंटला पाठवायचा तो एकच मंजूर टेक. एकदा मोठ्या उत्साहानं सगळे पाठवले होते. मग तीन दिवस 'पहिल्याचा सुरुवातीचा भाग, तिसऱ्याचा शेवट आणि दुसऱ्यातलं ते हसू' असं जेवणाचं ताट मांडणं चाललं. न मागता वाढलं की माणूस निवडायला बसतो, आणि निवडायला बसला की बदलायला लागतो.

तर अष्टमीच्या दुपारी हे सगळं रेकॉर्ड झालं, मंजूर टेक गेला, आठवडा शांततेत गेला. अमावास्येच्या रात्री, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पावणेदहाला एडिटरचा फोन.

"ताई, जागी आहेस ना? दोन बदल आहेत."

"बोल."

"देवगडचं कोकण."

मी वहीत बोट ठेवलं. होतं. "पाठवते. दुसरा?"

"पेटी नको म्हणतायत. यंदा लाकडी पेटी नाहीच, पुठ्ठ्याचा आहे. खोका म्हणायचंय. चित्रातही खोकाच दिसतोय."

मी आकडे बदलून ठेवले होते, डझन बदलून ठेवले होते. पेटी कधी बदलेल हे मनातही आलं नव्हतं, कारण आमच्याकडे आंबा पेटीतच जातो, मग ती लाकडाची असो की पुठ्ठ्याची. आणि बदल एका वाक्याचा नव्हता. 'पाच डझनांची पेटी'चा 'पाच डझनांचा खोका' होणार, ठीक आहे. पण 'ती उघडली, की घरभर फक्त आंबा' याचं काय? खोका 'ती' नसतो. 'तो उघडला' करावं लागणार. मराठीत नाम बदललं की त्याचं लिंग मागच्या विशेषणात आणि पुढच्या क्रियापदात शिरतं, कधी दोन वाक्यं ओलांडूनही शिरतं. हे शाळेत शिकलेलं, रोज बोलताना पाळलेलं, आणि पेन्सिल हातात असताना विसरलेलं. 'उघडताच घरभर फक्त आंबा' असं एक लिंग नसलेलं वाक्य मी त्या दुपारी म्हणून ठेवलं असतं, तर निम्मं काम वाचलं असतं. पाच सेकंदांचं काम होतं.

रात्री रेकॉर्ड करणं शक्य नव्हतं. अमावास्येचं उधाण, मध्यरात्रीच्या सुमाराला भरती, आणि आमचं घर किनाऱ्यापासून फारसं लांब नाही. अष्टमीच्या दुपारी भांगाचं पाणी ओसरलेलं होतं, तेव्हा गाज जेमतेम होती. आता ती खोलीत बसून ऐकू येत होती. काकींच्या घरातल्या काकांना तिथीवरून भरती-ओहोटी तोंडपाठ. त्यांना विचारलं तर म्हणाले, "फाटेक सुकती आसा." पहाटे ओहोटी. फिल्म आठ वाजता जायची होती. पहाटे पाचला उठायचं ठरलं.

पण पहाटेचा आवाज हा दुपारचा आवाज नसतो. झोपेत स्वरतंतू थोडे सुजतात आणि सूर खाली येतो. उठल्या उठल्या फोन उचलला की समोरचा विचारतो ना, झोपली होतीस का, तेच. एका वाक्यापुरता तो जाड आवाज जुन्या दोन वाक्यांच्या मधे ठेवला असता तर पाडव्याला खोका माझ्या मोठ्या बहिणीनं विकल्यासारखं झालं असतं. म्हणून साडेचारलाच उठले, कोमट पाणी प्यायले आणि अंगणात गुणगुणत फेऱ्या घातल्या. पाऊण तासानं आवाज बराचसा जागेवर आला.

माइकपासून तोंडाचं अंतर मी सुंभाच्या दोरीनं मोजते. एक वीत आणि चार बोटं, तिथं गाठ मारलेली आहे. दोरी माइकच्या स्टँडला बांधलेलीच असते. अंतर दोन बोटांनी कमी झालं तरी आवाजाचा तळ भरल्यासारखा होतो आणि नवा तुकडा जुन्यापासून लगेच वेगळा पडतो. हेडफोनमध्ये अष्टमीचं 'गवताच्या आढीत पिकलेला' लावलं, ऐकलं, त्याच्यासोबत पुटपुटले, परत ऐकलं. मग रेकॉर्डिंग सुरू करून तेच वाक्य म्हटलं आणि त्याच ओघात 'पाच डझनांचा खोका' म्हटलं. आढीचं वाक्य टाकूनच द्यायचं होतं. ते फक्त धावत येऊन उडी मारण्यासाठी.

तिसऱ्या टेकला कौलांवर माकडं आली. आंब्याच्या दिवसांत ती येणारच, पण साडेपाचला? कौलावर धप्प, मग घरंगळण्याचा आवाज, मग शांतता. मी हलले नाही. वाक्य पहिल्यापासून. एकूण सात टेक झाले, त्यांतले दोन वापरण्याजोगे.

'घरपोच'चं वाक्य बदललेलं नव्हतं, तरी मी तेही नव्यानं म्हटलं. खोका, घरपोच आणि 'तो उघडला' ही तिन्ही वाक्यं सलग नवी केली. कारण साधं होतं. जुन्या आणि नव्याचा सांधा कुठंतरी पडणारच. खोका नवा, घरपोच जुनं आणि उघडला परत नवं असं केलं असतं तर दहा सेकंदांत तीन सांधे आले असते. आता एकच पडला, आणि तोही आढीनंतर, जिथं संगीताचा एक छोटा ठोका होता. शिवाय 'उघडताच'वालं वाक्यही म्हणून ठेवलं, उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून.

पाठवण्याआधी तपासायची माझी एक पद्धत आहे. जुनं आणि नवं जोडून कुणालातरी ऐकवायचं, पण काय बदललं ते सांगायचं नाही, आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. नवरा अर्धवट झोपेत होता. त्यानं ऐकलं आणि कूस बदलली. भुवई हलली नाही. पावणेसातला फायली गेल्या.

सात वाजून दहा मिनिटांनी एडिटरचा निरोप आला की सांधा जमला, फक्त 'तो उघडला' अर्ध्या सेकंदानं लांब पडतंय, झाकण उघडण्याच्या चित्रावर बसत नाही. मी म्हटलं, 'उघडताच' लावून बघ. ते बसलं. त्या एका वाक्याचे पैसे कुणी दिले नाहीत. मान्यतेनंतरच्या बदलाचे पैसे वेगळे, असं मी काम घेतानाच लिहून घेते, त्यामुळे खोक्याचे मिळाले.

नऊ वाजता गुढी उभारून झाल्यावर मी फिल्म काकींना दाखवली. दोनदा बघितली त्यांनी. आढी दिसल्यावर मान डोलावली. आवाजाबद्दल काही बोलल्या नाहीत. मग फोन माझ्या हातात परत देताना म्हणाल्या, "खोको कसलो गो? पेटी म्हणतत तेका."